कंपनीची नवीन शटल बस: सोलापूर शहर ते चिंचोळी एमआयडीसी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नोटीस बोर्डावर शटलचा कागद लागला तेव्हापासून अ‍ॅडमिनचा फोन काय थांबत नाहीये. निम्मे प्रश्न तेच तेच आहेत म्हणून सगळ्यांची उत्तरं इथे एकदाच लिहून टाकतोय. आधी टाइमटेबल नीट बघा, मग तुमचा स्टॉप कुठला घ्यायचा ते ठरवा, आणि मगच फॉर्म भरा. घाईत जवळचा स्टॉप टाकून नंतर बदलायला येणारे भरपूर असणार, त्यांच्यासाठी खाली एक पूर्ण हिशोब करून दाखवलाय.

बस कधीपासून सुरू होतीय आणि कुणासाठी?

येत्या १ तारखेपासून. सध्या जनरल शिफ्टसाठी म्हणजे ९:०० ते ५:३० वाल्यांसाठी. परमनंट, कॉन्ट्रॅक्ट, ट्रेनी सगळ्यांना चालेल, फक्त नाव रजिस्टर पाहिजे. फर्स्ट शिफ्टचं अजून ठरलेलं नाही, सेकंड शिफ्टच्या रात्रीच्या ड्रॉपची सोय वेगळी आहे, त्याचं खाली लिहिलंय.

गाड्या किती आणि कुठून कुठून येणार?

दोन गाड्या. लाल बोर्डवाली मोठी बस ४० सीटची, ती विजापूर रोडवरून येणार. निळ्या बोर्डवाली मिनी बस २६ सीटची, ती अक्कलकोट रोडकडून येणार. अंतर म्हणजे त्या स्टॉपपासून प्लांटच्या गेटपर्यंतचं, ट्रायलच्या वेळी गाडीच्या मीटरवर जे दिसलं ते जवळच्या अर्ध्या किलोमीटरला धरून लिहिलंय. तुमच्या मोबाइलच्या मॅपवर थोडं कमीजास्त दिसेल, कारण मॅप कधी कधी गल्लीतून रस्ता दाखवतो आणि ४० सीटची बस काही गल्लीतून जात नाही.

लाल गाडी, सकाळी:
सैफुल – २४.५ किमी – ७:४०
आयटीआय – २३ किमी – ७:४५
पत्रकार भवन चौक – २१ किमी – ७:५१
सात रस्ता – २० किमी – ७:५५
रेल्वे स्टेशन – १८.५ किमी – ८:०१
एसटी स्टँड – १६.५ किमी – ८:१०
जुना पुणे नाका – १५ किमी – ८:१६
बाळे – १२ किमी – ८:२४
केगाव (विद्यापीठाजवळ) – ९ किमी – ८:३०
प्लांट गेट – ८:४३

निळी गाडी, सकाळी:
शांती चौक – २१.५ किमी – ७:५५
अशोक चौक – २०.५ किमी – ८:००
मार्केट यार्ड – १८.५ किमी – ८:०९
जुना तुळजापूर नाका – १६ किमी – ८:१८
बाळे – १२ किमी – ८:२८
प्लांट गेट – ८:४५

संध्याकाळी दोन्ही गाड्या गेटवरून बरोबर ५:५० ला सुटणार. लाल गाडी केगाव ६:०३, बाळे ६:१०, पुणे नाका ६:२०, एसटी स्टँड ६:२८, स्टेशन ६:४०, सात रस्ता ६:४८, पत्रकार भवन ६:५३, आयटीआय ७:०१, सैफुल ७:०६. निळी बाळे ६:०८, तुळजापूर नाका ६:२०, मार्केट यार्ड ६:३१, अशोक चौक ६:४२, शांती चौक ६:४८.

हा टाइम गाडी येण्याचा आहे की निघण्याचा?

सकाळचा टाइम निघण्याचा. हे सगळ्यात जास्त जणांना कळत नाहीये म्हणून परत लिहितो, ७:५५ लिहिलंय म्हणजे ७:५५ ला गाडी सात रस्ता सोडणार, तुम्ही ७:५५ ला रिक्षातून उतरून सुट्टे पैसे शोधत असाल तर गाडी गेलेली असणार. पाच मिनिटं आधी उभं राहा. ड्रायव्हर मामांना पण उलट सूचना आहे की लिहिलेल्या टाइमच्या आधी स्टॉप सोडायचा नाही, गाडी लवकर पोहोचली तरी थांबायचं. म्हणजे तुम्ही वेळेत असाल तर गाडी चुकायचं कारण नाही. संध्याकाळचे टाइम मात्र पोहोचण्याचे आहेत आणि ते अंदाजे आहेत, कारण तेव्हा उतरायचंच असतं, कुणी वाट बघत नसतं.

९ ची शिफ्ट आणि सैफुलला ७:४० ला गाडी? साडेचोवीस किलोमीटरला एक तास तीन मिनिटं कशी काय लागतात, बाइकवर मी पाऊण तासात येतो.

बाइकवर येत असाल, बरोबर आहे. बसचा हिशोब वेगळा. सैफुलपासून पुणे नाक्यापर्यंत साडेनऊच किलोमीटर आहेत आणि त्याला ३६ मिनिटं जातात. पुणे नाक्यापासून गेटपर्यंत १५ किलोमीटर आहेत आणि त्याला २७ मिनिटं. म्हणजे वेळ सगळा गावातच जातो, हायवेवर गाडी एकदा लागली की ती आपली सरळ येते. गावात सकाळी शाळांच्या रिक्षा आणि व्हॅन असतात, सात रस्त्याला नावाप्रमाणे सगळीकडून गाड्या येतात, स्टेशनला पहाटेच्या-सकाळच्या गाड्यांचे प्रवासी आणि रिक्षावाले, एसटी स्टँडच्या तोंडाला बसेस आत-बाहेर करत असतात. स्टेशन ते एसटी स्टँड दोन किलोमीटरला आम्ही नऊ मिनिटं धरलीत ती उगाच नाही.

टाइमटेबल उलटं मोजत आणलंय. ९:०० ला पंच व्हायला पाहिजे. गेटवर बॅग चेकिंग, लॉकर, सेफ्टी शूज घालणं आणि मशीनसमोरची लाइन याला सात मिनिटं धरली, म्हणजे गेटच्या आत ८:५३ पर्यंत पाय पडला पाहिजे. त्याच्या आधी दहा मिनिटं ट्रॅफिकसाठी राखून ठेवली, झाले ८:४३. तिथून मागे मागे येत सैफुलला ७:४० निघाले. ही राखीव दहा मिनिटं काढून टाकली असती तर तुम्हाला दहा मिनिटं जास्त झोप मिळाली असती आणि आठवड्यातून एकदा पंच पण चुकला असता.

गाडी लेट झालीय हे कसं ओळखायचं? किती लेट झाली तर पंच चुकणार?

वर सांगितलेली दहा मिनिटं लक्षात ठेवा, त्यातच उत्तर आहे. कुठल्याही स्टॉपला लाल गाडी लिहिलेल्या टाइमपेक्षा दहा मिनिटांपर्यंत उशिरा आली तरी ९:०० चा पंच होतो. म्हणजे एसटी स्टँडला ८:२० पर्यंत आली तर निवांत बसा. ८:२० नंतर आली तर समजा आज लाइनीत पळायला लागणार. हायवेवर वेळ भरून निघेल अशी आशा करू नका, बसला स्पीड गव्हर्नर आहे आणि मामांना पळवायला सांगितलेलं चालणार नाही, कुणी सांगितलं तर मामा थेट अ‍ॅडमिनला सांगणार.

निळी गाडी गेटवर ८:४५ ला येते म्हणजे तिच्याकडे आठच मिनिटं शिल्लक असतात. तिचा रस्ता मार्केट यार्डच्या पुढे हायवेवरूनच आहे, गावातला अडकण्याचा भाग कमी, म्हणून तेवढं पुरतं. मार्केट यार्डच्या तोंडाला कांद्याच्या गाड्यांची रांग असते त्या दिवसांत मात्र पुरत नाही, सीझनला तो टाइम बदलून देऊ.

बस लेट झाल्यामुळे पंच लेट झाला तर लेट मार्क लागणार का?

नाही. गाडी गेटवर आली की सिक्युरिटी रजिस्टरला टाइम लिहिते आणि गाडीच्या सुपरवायझरकडे त्या दिवशी चढलेल्यांची यादी असते. दोन्ही जुळलं की टाइम ऑफिस आपोआप दुरुस्त करतं, तुम्हाला अर्ज करायची गरज नाही. पण हे यादीत टिक असलेल्यांसाठीच आहे. "बस लेट होती म्हणून मी पण लेट" असं बाइकवरून येऊन सांगायचं नाही, रजिस्टर समोर असतं.

मी आसरा चौकात राहतो, होटगी रोडला स्टॉपच नाही. मग मी काय करायचं?

हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की याचा पूर्ण हिशोब लिहितो, बाकीच्यांनी पण वाचा कारण तुमचा स्टॉप निवडायची पद्धत हीच आहे.

आसरावरून सैफुल तीन-साडेतीन किलोमीटर पडतं आणि सात रस्ता पण तीनेक किलोमीटर. बहुतेकांनी फॉर्ममध्ये सैफुल लिहिलंय, कारण काय तर तिथून गाडी सुरू होते म्हणजे बसायला जागा मिळेल. आता जागा तर प्रत्येकाची नावानिशी ठरलेली आहे, सात रस्त्याला चढलात तरी तुमची सीट रिकामीच असणार. मग राहिला वेळ. सैफुलचा टाइम ७:४०, पाच मिनिटं आधी उभं राहायचं म्हणजे ७:३५, स्कूटरला दहा-बारा मिनिटं, घरातून ७:२३ ला निघायला पाहिजे. सात रस्त्याचा टाइम ७:५५, तिथे ७:५० ला उभं राहायचं, घरातून ७:३८ ला निघालात तरी चालतं. अंतर तेवढंच पण सकाळी पंधरा मिनिटं वाचली. संध्याकाळी गाडी सात रस्त्याला ६:४८ ला येते आणि तीच गाडी सैफुलला पोहोचेपर्यंत ७:०६ होतात. अठरा मिनिटं तिकडे. म्हणजे दिवसाला अर्ध्या तासाच्या वरचा फरक, आणि तुम्ही उलट्या दिशेला जाऊन परत त्याच रस्त्याने बसमधून येणार होतात.

आता सात रस्त्याची अडचण म्हणजे तिथे दिवसभर स्कूटर लावायला जागा नाही. दुकानासमोर लावली तर दुकानदार ओरडणार, रस्त्यावर लावली तर ट्रॅफिकवाले उचलणार. म्हणून ज्यांना रिक्षाने यायचंय किंवा घरचं कुणी सोडणार आहे त्यांनी सात रस्ता घ्यावा. ज्यांना स्वतःची गाडी लावायचीय त्यांनी दीड किलोमीटर पुढे स्टेशनला जा, तिथे पे-पार्किंग आहे. स्टेशनचा टाइम ८:०१, गाडी लावायला पाच मिनिटं जास्त धरा, म्हणजे ७:५० ला पार्किंगमध्ये, घरातून ७:३५. सात रस्त्यापेक्षा तीनच मिनिटं आधी. संध्याकाळी ६:४० ला उतरून स्वतःच्या गाडीने सात वाजता घरी. पार्किंगचे पैसे महिन्याचे बघून घ्या, तेवढाच तोटा.

तर घरापासून स्टॉप किती लांब हे बघू नका. घरातून किती वाजता निघायला लागतंय आणि संध्याकाळी किती वाजता दारात येताय हे दोन टाइम काढा आणि ज्या स्टॉपला फायदा होतो तो लिहा. प्लांटच्या दिशेला असलेला स्टॉप बहुतेक वेळा परवडतो.

होटगी रोडला तिसरी गाडी का नाही सोडत मग?

आसरा, मजरेवाडी, नई जिंदगी या बाजूची नावं मिळून अजून एक मिनी बस अर्धी पण भरत नाहीये. किमान वीस नावं कायमची आली तर कॉन्ट्रॅक्टरशी बोलू. फॉर्मच्या खाली "स्टॉप नसलेला एरिया" असा रकाना आहे तिथे लिहा, तोंडी सांगितलेलं आमच्या लक्षात राहत नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाला फक्त एक मिनिट थांबवा ना, रस्त्यातच तर आहे.

एक मिनिट कधीच नसतं. गाडी कडेला घ्यायची, दार उघडायचं, दोघं चढायची, एक जण लांबून पळत येणार त्याच्यासाठी थांबायचं, मग मागून येणाऱ्या रिक्षा सोडून परत ट्रॅफिकमध्ये घुसायचं. ट्रायलला प्रत्येक थांब्याला दोन मिनिटं गेली. असे तीन थांबे वाढवले की सहा मिनिटं, आणि ती सहा मिनिटं सैफुलवाल्यांच्या झोपेतून जाणार, त्यांना ७:३४ ला यायला लागेल. म्हणून दोन स्टॉपच्या मध्ये गाडी थांबणार नाही. हात करू नका, मामा ओळखीचे असले तरी.

नवी पेठ, टिळक चौक, बाळीवेस या भागातल्यांनी पण विचारलंय. तिथे ४० सीटची बस वळवायची म्हणजे पुढच्याला मागे आणि मागच्याला अजून मागे घ्यायला लागतं. सकाळी एकवेळ जमेल, संध्याकाळी बाजार भरल्यावर अजिबात नाही. तुम्हाला एसटी स्टँड किंवा स्टेशन, जे सोयीचं ते.

कुमठा नाका, विडी घरकुल, कुंभारीकडून येणाऱ्यांनी काय करायचं?

विडी घरकुल, कुंभारीवाल्यांना शांती चौक किंवा अशोक चौक. तुमच्याकडून शेअर रिक्षा अशोक चौकापर्यंत येतात त्यामुळे बहुतेकांना तोच बरा पडेल, आणि टाइम पण पाच मिनिटांनी पुढचा आहे. कुमठा नाक्यावाल्यांनी सात रस्ता आणि अशोक चौक दोन्हीचा वर सांगितलेला हिशोब करून बघा, घर नाक्याच्या कुठल्या बाजूला आहे त्यावर बदलतं.

लाल गाडी चुकली तर निळीत चढता येईल का?

फक्त बाळ्याला. म्हणूनच निळी गाडी बाळ्याला लालच्या चार मिनिटं मागे ठेवलीय, ८:२४ ची लाल गेली तर ८:२८ ची निळी मिळते. निळीत अशांसाठी चार सीट मोकळ्या ठेवल्यात, त्या भरल्या की पाचव्याला घेणार नाहीत. पुणे नाक्यावर गाडी चुकली तर रिक्षा करून बाळ्यापर्यंत पाठलाग करण्यात अर्थ नाही, बारा मिनिटांत तीन किलोमीटर सुटतील असं वाटतं पण रिक्षा मिळेपर्यंतच पाच मिनिटं जातात. सरळ हायवेने मोहोळकडे जाणारी एसटी बघा किंवा सुपरवायझरला फोन करा, मागून कुणी कार घेऊन येत असेल तर तो सांगतो.

उभं राहून येऊ द्या की, वीस मिनिटांचा तर रस्ता आहे बाळ्यापासून.

नाही. या गाड्या कॉन्ट्रॅक्ट कॅरेज परमिटवर आहेत आणि आरसी बुकवर जेवढ्या सीट आहेत तेवढीच माणसं बसवता येतात. जास्त माणसं घेतली आणि हायवेवर काही झालं तर इन्शुरन्सवाले पहिलं तेच काढणार. आरटीओचा दंड वेगळा. हा नियम मामांच्या हातात नाही, त्यांच्याशी वाद घालू नका.

बसमध्ये येता-जाता अपघात झाला तर?

चांगला प्रश्न, आणि हा फक्त दोघांनीच विचारला. ज्यांचं ईएसआय कापलं जातं त्यांच्यासाठी कंपनीने दिलेल्या गाडीतून कामावर येता-जाता झालेला अपघात हा कामावरचाच अपघात धरला जातो. त्यासाठी तुम्ही त्या दिवशी त्या गाडीत होता हे कागदावर दिसलं पाहिजे, म्हणून चढताना यादीत टिक करून घ्यायचा कंटाळा करू नका. दुसऱ्याचं नाव सांगून त्याच्या सीटवर बसणारे महाभाग आहेत, अशा वेळी नसती भानगड होते. लागलं असेल, अगदी मुका मार असला तरी, त्याच दिवशी सेफ्टी ऑफिसच्या रजिस्टरला लिहा.

बाळे आणि केगावला संध्याकाळी कुठे उतरवणार?

सकाळी जिथे चढता त्याच्या समोरच्या बाजूला, कारण गाडी तेव्हा पुण्याकडून सोलापूरकडे येत असते. म्हणजे काही जणांना हायवे ओलांडायला लागणार आणि या स्टॉपची खरी काळजी हीच आहे. ट्रक आणि ट्रॅव्हल्सचा स्पीड अंधारात कळत नाही, हिवाळ्यात तर ६:१० ला अंधार पडलेला असतो. डिव्हायडरवरून उडी मारून जायचं नाही, थोडं चालायला लागलं तरी क्रॉसिंगच्या जागेवरूनच जायचं. गाडीच्या पुढून रस्ता ओलांडायचा नाही, गाडी निघून जाऊ द्या मग दोन्हीकडे दिसतं. केगावला स्कूटर लावणाऱ्यांनी ती संध्याकाळी उतरता त्या बाजूला लावावी आणि सकाळीच रस्ता ओलांडून यावं, उजेडात ओलांडलेलं बरं.

सेकंड शिफ्टच्या महिलांना रात्री कसं सोडणार?

रात्री ११ ला सुटणाऱ्या ताईंसाठी बस नाही, वेगळ्या छोट्या गाड्या आहेत आणि त्या स्टॉपवर नाही तर घराच्या दारापर्यंत सोडणार. प्रत्येक गाडीत ड्रायव्हरशिवाय एक सिक्युरिटी गार्ड असेल. क्रम असा लावलाय की शेवटी एकटी महिला गाडीत राहिली तरी गार्ड तिला दारात सोडूनच परत फिरेल. घरात गेल्यावर ग्रुपवर "पोहोचले" एवढं टाका, ते आल्याशिवाय गार्डची ड्युटी संपत नाही. रात्रीची शिफ्ट ज्यांना करायचीच नाही त्यांनी गाडी आहे म्हणून होकार द्यायची गरज नाही, त्याचा लेखी संमतीचा फॉर्म वेगळा आहे, सुपरवायझर म्हणाला म्हणून सही करू नका.

पैसे किती?

महिन्याला ७००, पगारातून कापले जातील. स्टॉप कुठलाही असो, तेवढेच. केगाववाल्यांची तक्रार आलीय की आम्ही नऊ किलोमीटरला पण सातशे आणि सैफुलवाले साडेचोवीसला पण सातशे. खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. टप्प्याप्रमाणे रेट करायचा प्रस्ताव पाठवलाय, मंजूर झाला तर कळवू. तोपर्यंत केगाववाल्यांनी परवडत असेल तरच फॉर्म भरा.

बाकीच्यांनी स्वतःच हिशोब करा. सात रस्त्यावरून येऊन-जाऊन ४० किलोमीटर, बाइकचं अ‍ॅव्हरेज ५० धरलं तर दिवसाला ८०० मिली पेट्रोल. लिटर १०५ धरला तर ८४ रुपये, २५ दिवसांचे २१००. टायर, ऑइल, सर्व्हिसिंग यात धरलेलंच नाही.

पगारातला कन्व्हेयन्स अलाउन्स बंद होणार का?

नाही, त्याला हात लावलेला नाही. कॅन्टीनमध्ये जी अफवा फिरतीय तिला काही आधार नाही, आणि बस घेतली नाही तरी तुमच्या पगारात काही बदल होणार नाही. कंपनीने घर ते कामाच्या जागेपर्यंत दिलेल्या गाडीवर तुम्हाला इन्कम टॅक्स पण लागत नाही, तो प्रश्न स्टाफमधून आला होता म्हणून लिहिलं.

अर्ध्या महिन्यात सुरू केली किंवा सुट्टीवर गेलो तर?

१५ तारखेनंतर सुरू केलं तर ३५०. सलग दहा दिवसांच्या वर सुट्टी असेल आणि आधी कळवलं असेल तरच निम्मे कापू. सुट्टीत तुमची सीट दुसऱ्या कुणाला तोंडी देऊ नका, अ‍ॅडमिनला सांगा, वेटिंगवाला बसेल.

ओव्हरटाइम लागला तर परत कसं जायचं?

५:५० ची गाडी थांबणार नाही, एकासाठी चाळीस जणांना बसवून ठेवता येत नाही. ओव्हरटाइम दुपारी ४ च्या आत ठरला तर सुपरवायझर अ‍ॅडमिनला कळवतो आणि ८ वाजता एक गाडी बाळे, एसटी स्टँड, सात रस्ता एवढेच स्टॉप घेऊन जाते. ४ नंतर अचानक थांबवलं तर गाडीची सोय कोण करणार हे थांबवणाऱ्याला आधी विचारा. हे मी मुद्दाम लिहितोय.

गड्डा यात्रेत रूट बदलणार ना?

हो. संक्रांतीच्या आसपास नंदीध्वजांची मिरवणूक निघते तेव्हा गावातले बरेच रस्ते वळवतात, त्यातही तैलाभिषेक आणि अक्षता सोहळ्याच्या दिवशी आणि शोभेच्या दारूकामाच्या संध्याकाळी सिद्धेश्वर मंदिर, होम मैदान, पार्क चौक हा भाग विसराच. आपली लाल गाडी त्या भागातून जात नाही पण तिकडून वळवलेलं सगळं ट्रॅफिक सात रस्ता आणि स्टेशनकडे येतं. त्या दिवसांत सकाळी गाडी सैफुलवरून दहा मिनिटं आधी सोडू. संध्याकाळी टाइमची गॅरंटी नाही, यात्रेला जायचं असेल तर स्टेशनलाच उतरून चालत जा, बसपेक्षा लवकर पोहोचाल.

कोजागरीला अजून वेगळं. तुळजापूरला चालत जाणाऱ्या लोकांसाठी तो रस्ता गाड्यांना बंद असतो आणि नाक्यावर रात्रभर गर्दी असते, त्यामुळे आदल्या दिवशी आणि त्या दिवशी जुना तुळजापूर नाका हा स्टॉप बंद. तिथल्यांनी मार्केट यार्ड किंवा बाळे. मार्गशीर्षात बाळ्याच्या खंडोबाची यात्रा रविवारची असते, आपली सुट्टी, त्याचा प्रश्न नाही.

गाडी एसी आहे का? मे महिन्यात काय हाल होतील माहितीय ना?

एसी नाही. सोलापूरचा उन्हाळा आम्हाला पण माहिती आहे, बेचाळीस-त्रेचाळीसला गाडीचा पत्रा हात लावू देत नाही. सकाळी काही वाटणार नाही, त्रास संध्याकाळचा आहे, कारण गाडी दिवसभर उन्हात उभी असते. म्हणून मार्चपासून गाड्या गोडाऊनमागच्या शेडमध्ये लावायच्या आणि ५:३० ला खिडक्या उघडून बाहेर आणायच्या असं ठरवलंय. एक गोष्ट सांगून ठेवतो, लाल गाडी संध्याकाळी सोलापूरकडे जाताना ऊन मागून आणि उजव्या बाजूने येतं. सीट निवडायला मिळतीय तोवर डावीकडची घ्या. पाण्याचा जार गाडीत असेल, ग्लास नसेल, बाटली आपली आणा.

लाइव्ह लोकेशन कुठे दिसणार?

प्रत्येक गाडीचा वेगळा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. सुपरवायझर सकाळी गाडी पहिल्या स्टॉपवर लागली की लाइव्ह लोकेशन टाकतो. ग्रुपवर फक्त गाडीचं बोलायचं. गुड मॉर्निंग, फुलांचे फोटो, कुणाच्या वाढदिवसाचा केक टाकला की लोकेशनचा मेसेज वर निघून जातो आणि मग स्टॉपवर उभी असलेली माणसं "कुठे आलीय गाडी" विचारत बसतात. लोकेशन दहा मिनिटं एकाच जागी दिसलं तर मोबाइल हँग झालाय किंवा गाडी बंद पडलीय, तेव्हा ग्रुपवर विचारू नका, थेट फोन करा. गाडी खरंच बंद पडली तर कॉन्ट्रॅक्टरने अर्ध्या तासात दुसरी द्यायची असं करारात आहे. पण तुम्ही पुणे नाक्याच्या अलीकडे असाल तर वाट न बघता रिक्षा किंवा एसटीने या, तिकीट आणि बिल दाखवा, पैसे देऊ.

सोबत सामान आणलं तर चालेल का?

डबा, बॅग, छत्री, शनिवारी गावाला जाणाऱ्यांची पिशवी चालेल. पेट्रोलची बाटली, गॅसची टाकी, प्लांटमधलं कुठलंही केमिकल चालणार नाही. मार्केट यार्डातून स्वस्त मिळाली म्हणून कांद्याची गोणी पण नको.

स्टॉप नंतर बदलता येईल का?

महिन्यातून एकदा, २५ तारखेच्या आत सांगितलं तर पुढच्या १ पासून. मधेच एखाद्या दिवशी दुसऱ्या स्टॉपला चढायचं असेल तर आदल्या दिवशी ग्रुपवर लिहा, नाहीतर सुपरवायझर तुमच्या नेहमीच्या स्टॉपवर तुमची वाट बघत फोन लावत बसतो आणि सगळ्यांचा वेळ जातो. संध्याकाळी मात्र आपल्या रूटवरच्या कुठल्याही स्टॉपला उतरा, काही विचारायची गरज नाही.

फॉर्म कुठे द्यायचा?

टाइम ऑफिसच्या खिडकीवर, ब्लड ग्रुप आणि घरच्या एकाचा मोबाइल नंबर लिहून. लाल गाडीच्या बत्तीस सीट भरल्यात, निळीच्या चार बदलीच्या सोडून नऊ शिल्लक आहेत. २५ तारखेनंतर येणारे वेटिंगला.

डबा गाडीत राहिला तर?

मामा सिक्युरिटी केबिनला ठेवतात. दुसऱ्या दिवसापर्यंत न्या, आत उरलेलं कालवण असलं की तिसऱ्या दिवशी सिक्युरिटीवाले डब्यासकट फेकतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.